शब्दचर्चा: 'प्रकाशरासायनिक धुरके' आणि 'ओझोन सोडणे'

मृण्मयी: एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर तपासते आहे. फोटोकेमिकल स्मॉगला 'प्रकाशरासायनिक धुरके' म्हटलंय आणि पुढे वाक्य आहे: 'वाहने नायट्रोजन ऑक्साइड, बाष्पशील सेंद्रिय संयुगे व ओझोन सोडतात.' हे बरोबर आहे का? शिवाय 'धुरके' इथे चालेल का?

बापू कुलकर्णी: धूर अधिक धुके म्हणजे धुरके, सरळ आहे. थंडीत दिल्लीत दिसतं तेच. यात शोधायचं काय?

अनिरुद्ध: बापू, थंडीतलं दिल्लीचं धुरकं मुख्यतः सूक्ष्म कणांचं असतं. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये झालं ते कोळशाच्या धुराचं आणि सल्फर डायऑक्साइडचं. फोटोकेमिकल प्रकार लॉस एंजेलिसचा. १९४३ च्या जुलैत, ऐन उन्हाळ्यात, तिथे लोकांचे डोळे चुरचुरू लागले. तिथे धुकंही नव्हतं आणि नुसता धूरही नव्हता. पुढे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी दाखवलं की वाहनं आणि तेलशुद्धीकरणातून निघणारी हायड्रोकार्बनं, म्हणजे सेंद्रिय संयुगंच, आणि नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो. ओझोन मोजायला ताणलेल्या रबराला पडणाऱ्या भेगा वापरत.

मृण्मयीताई, तुमच्या वाक्यातलं 'सोडतात' चुकीचं आहे. गाडीच्या नळकांड्यातून ओझोन येत नाही, तो वाटेत हवेतच घडतो. पहिली दोन 'सोडतात', तिसऱ्यासाठी 'तयार होतो' हवं.

बापू कुलकर्णी: ठीक. नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटतो, सुटा ऑक्सिजन अणू ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन होतो. मग सेंद्रिय संयुगांचं नाव कशाला घ्यायचं?

अनिरुद्ध: तुम्ही सांगितलंत ते अर्धं खरं आहे. पूर्ण चक्र असं:

```
NO2 + प्रकाश → NO + O
O + O2 → O3
O3 + NO → NO2 + O2
```

तिसरी ओळ पहिल्या दोघींची कमाई परत घेते. एवढंच असेल तर ओझोन साचत नाही, तो NO2 आणि NO यांच्या प्रमाणावर टेकून राहतो. भर दुपारी दोन्ही सारखे असले तर साधारण वीस पीपीबी, म्हणजे घनमीटरला चाळीसेक मायक्रोग्रॅम. भारतात एका तासाची मर्यादा १८० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडायला NO2 हा NO च्या जवळपास पाचपट व्हावा लागतो.

तो कसा होतो, तिथेच सेंद्रिय संयुगं येतात. हवेतला हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे OH हा अतिशय क्रियाशील तुकडा, त्यांच्यावर तुटून पडतो आणि पेरॉक्सी मूलक तयार होतात. ते NO चं NO2 करतात, तेही ओझोन न खर्चता. शेवटी हायड्रॉक्सिलही परत मिळतो, त्यामुळे फेरा चालू राहतो. म्हणून वाक्यात तिन्ही घटक हवेत.

सुजाता: आमच्या घरी पाण्यासाठी ओझोनचं यंत्र आहे, तो वास चांगला वाटतो. आणि ओझोनचा थर आपलं रक्षण करतो ना? मग जमिनीलगतचा थर वाढला तर चांगलंच!

अनिरुद्ध: सुजाताताई, यंत्राचा विषय वेगळा. रक्षणाचं काम वरचा, स्थितांबरातला ओझोन करतो. इथला तोच रेणू, पण फुफ्फुसांना आणि पिकांच्या पानांना इजा करतो. पुस्तिकेत 'भूपृष्ठीय ओझोन' लिहा, 'थर' हा शब्द नको.

मृण्मयी: 'नायट्रोजन ऑक्साइड कमी केले की ओझोन कमी होतो' असंही एक वाक्य आहे. ते ठेवू?

अनिरुद्ध: तसंच ठेवू नका. वाहतुकीच्या गर्दीत NO खूप असेल तर तो जवळचा ओझोन खातो, शिवाय NO2 हायड्रॉक्सिललाही अडवतो. अशा ठिकाणी सेंद्रिय संयुगं तशीच ठेवून फक्त नायट्रोजन ऑक्साइड घटवले तर ओझोन आधी वाढू शकतो. लॉस एंजेलिसमध्ये शनिवार-रविवारी डिझेल ट्रक कमी धावत, तरी ओझोन अनेकदा जास्तच असायचा. आणि समुद्री वारा सकाळचं मिश्रण पूर्वेकडे नेतो, म्हणून शहराच्या मध्यापेक्षा सॅन बर्नार्डिनोकडे दुपारी आकडा मोठा दिसतो. रस्त्याकाठच्या यंत्रावर ओझोन कमी दिसला म्हणजे हवा चांगली, असं समजू नये. गावाबाहेर, जिथे वनस्पतींची सेंद्रिय संयुगं भरपूर, तिथे मात्र तुमचं वाक्य लागू पडतं.

बापू कुलकर्णी: मग 'धुरके' काढून 'प्रकाशरासायनिक प्रदूषण' म्हणा. धूरही नाही, धुकंही नाही.

अनिरुद्ध: पण तपकिरी छटा दिसते ना, NO2 आणि कणांमुळे. 'प्रदूषण' म्हटलं की ती दिसत नाही. मला 'धुरके'च बरं वाटतं.

मृण्मयी: 'सोडतात' बदलते आणि ते NO वालं वाक्य दोन भागांत करते. शीर्षकाचं संपादकांवर सोडते, तेही 'धुरके' आणि 'स्मॉग' यांत अडकलेत.