गेट रजिस्टरचा फोटो: लिफ्टवाले ११.४० ला गेले की १.४० ला?

सेक्रेटरी (ए-३०२): नमस्कार. लिफ्ट कंपनीच्या बिलात दोन माणसं, प्रत्येकी २ तास २० मिनिटं असा हिशेब लावलाय. रजिस्टर सिक्युरिटी एजन्सीच्या ऑफिसात आहे, सोमवारी परत येईल. बिलावर उद्याच्या मीटिंगमध्ये निर्णय घ्यायचाय. सुपरवायझरने पाठवलेला फोटो टाकतोय. मला आउट टाइम ११.४० दिसतोय. म्हणजे वीसच मिनिटं काम झालं.

खजिनदार ताई (सी-१०४): काका, आधी तो फोटो ग्रुपवरून डिलीट करा. मोबाईल नंबरचा कॉलम उघडा दिसतोय. तेवढा भाग झाकून पुन्हा टाका. आणि सुपरवायझरला सांगा, फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठव. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक अक्षराच्या कडा जातात. एक आकडा दुसऱ्यात मिसळलेला दिसतो त्याचं निम्मं कारण तेच असतं.

सेक्रेटरी: डिलीट केला. आता डॉक्युमेंट आलंय, तो कॉलम झाकून टाकतो.

बी-३०१: हा बराच स्पष्ट आहे. पण काका, फोटोवर आडवी पट्टी धरून डावीकडून उजवीकडे वाचू नका, तिथेच घोळ होतो. आपल्या रजिस्टरमध्ये एक नोंद दोन पानांवर पसरते. डाव्या पानावर नंबर, नाव, फ्लॅट. उजव्या पानावर काम, मोबाईल, इन, आउट. मध्ये शिवणीपाशी कागद फुगतो, त्यामुळे फोटोत डावीकडची ओळ उजवीकडे अर्धी ओळ वर किंवा खाली सरकलेली दिसते.

दोन्ही पानं वेगवेगळी वाचा. एका कागदावर डाव्या पानाच्या ओळी वरून खाली जशा आहेत तशा उतरवा, दुसऱ्यावर उजव्या पानाच्या. जोडणी नंतर. ओळ म्हणजे छापील ओळ, रजिस्टरचा नंबर नाही.

डावीकडे मला हे दिसतंय:
४१ मीटर रीडर, मीटर रूम
४२ कुरिअर, ए-२०३
४३ लिफ्टचा मेकॅनिक
(नंबर नाही) त्याच्या खाली कंसात हेल्परचं नाव
४४ पाहुणे, सी-६०१
४५ किराणा डिलिव्हरी, बी-५०४
४६ पेस्ट कंट्रोल, ए-७०२

उजवीकडे:
रीडिंग, १०.५०, ११.१५
कुरिअर, ११.०५, ११.१०
लिफ्ट, ११.२०, आउटवरच वाद
पर्सनल, ११.३०, आउट रिकामा
पार्सल, ११.३२, ११.३८
पेस्ट, १२.१०, १२.५५

डावीकडे सात ओळी, उजवीकडे सहा. हेल्परचं नाव वॉचमनने डावीकडे वेगळ्या ओळीत लिहिलं, उजवीकडे मात्र त्याच्यासाठी काहीच लिहिलं नाही. पुढच्या माणसाची उजवी बाजू त्या रिकाम्या ओळीत गेली आणि तिथून खालची सगळी नोंद एका ओळीने वर सरकली.

ए-७०२: म्हणजे सरळ वाचलं तर हेल्पर 'पर्सनल' कामाला आला, सी-६०१ चे पाहुणे पार्सल घेऊन आले आणि किराणावाला पेस्ट कंट्रोल करायला, असं निघतं. आमच्या पेस्ट कंट्रोलला वेळच उरत नाही.

बी-३०१: बरोबर, दादा. ओळ घसरली की नाही ते असंच कळतं. फ्लॅट आणि काम जुळत नसेल तर त्याच्या वर पाहा, कुठेतरी नंबर नसलेली ओळ सापडते. इन टाइमवरून ही चूक पकडता येत नाही, कारण उजव्या पानावर इन टाइम आपापसात चढत्या क्रमानेच राहतो. आउट टाइमला तर क्रमच नसतो, जो आधी निघाला त्याची वेळ आधी भरली जाते.

खजिनदार ताई: आता ११.४० की १.४०? तिथे मला शाईच्या दोन उभ्या रेघा दिसतायत, पहिली कॉलमच्या रेषेला चिकटलेली.

बी-३०१: ताई, झूम करून त्या रेघेचा माग वरखाली घ्या. छापील रेष फिकट असते, पानभर सलग जाते. पेनाचा एकचा आकडा त्याच्या ओळीतच संपतो. इथे रेषेला चिकटलेली रेघ वरच्या आणि खालच्या ओळीतही तशीच चालू आहे, म्हणजे ती रेषच. त्याच हाताचे ११.१५ आणि ११.१० पाहा. दोन्हीत पहिला एक रेषेपासून आकडाभर आत सुरू झालाय. आपल्या नोंदीत त्या जागी एकच एक आहे. म्हणून मी १.४० वाचते.

सेक्रेटरी: अक्षरावरून एवढं ठामपणे सांगता येईल? कंपनीवाले मान्य करतीलच, प्रश्न आपल्या सभासदांचा आहे.

बी-३०१: शाई पाहा, काका. ४६ पर्यंतचे सगळे इन टाइम निळ्या पेनाचे आहेत. ४७ चा इन १२.४० काळ्या पेनाने लिहिलाय आणि पुढचे सगळे काळेच. म्हणजे १२.१० आणि १२.४० च्या मध्ये केबिनमधलं पेन बदललं. लिफ्टचा आउट काळा आहे, १२.५५ काळा आहे, ११.३८ निळा आहे. ११.४० ला लिहिला असता तर तो निळा असता.

यात एक अडचण असते. शिफ्ट संपताना वॉचमन राहिलेले आउट एकदम भरतात, मग शाईवरून लिहिल्याची वेळ कळते, माणूस गेल्याची नाही. तशा नोंदी ओळखू येतात: एकाच तिरक्या हाताने ओळीने भरलेल्या आणि सगळ्या १.३०, २.०० अशा गोल वेळा. इथे १२.५५ आणि १.४० चा हात वेगळा आहे आणि ४४ चा आउट अजून रिकामाच आहे, म्हणजे एकगठ्ठा भरलेलं दिसत नाही. तरी कॅमेऱ्यावर तपासा.

ए-७०२: रात्रपाळीचा वॉचमन मराठी आकडे लिहितो. तिथे १ आणि इंग्रजी 9, तसंच ४ आणि इंग्रजी 8 यांची गफलत होते. या पानावर सगळे इंग्रजीच आहेत ना?

बी-३०१: हो दादा, सगळे इंग्रजी. मी इथे टाइप करताना मराठी केले. पण कुठलंही पान वाचण्याआधी कोणता हात कोणते आकडे लिहितो ते ठरवून घ्यायचंच.

काका, कॅमेऱ्याचं घड्याळ आणि वॉचमनचं घड्याळ सारखं नसतं. त्याच दिवशीची एक खात्रीची नोंद घ्या. कुरिअरचा इन ११.०५ आहे, तो गेटच्या कॅमेऱ्यात किती वाजता दिसतो ते पाहा. जो फरक निघेल तो लिफ्टवाल्यांच्या वेळेला लावा. जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवीन चढतं, तेव्हा आजच पाहा.

सेक्रेटरी: पाहिलं. कुरिअर कॅमेऱ्यात ११.११, म्हणजे कॅमेरा ६ मिनिटं पुढे. मेकॅनिक बाहेर पडताना १.४६, म्हणजे रजिस्टरचे १.४०. पण हेल्पर त्याच्याबरोबर नाही. तो १२.२६ ला एकटाच गेलाय आणि परत आलेला दिसत नाही.

खजिनदार ताई: म्हणजे रजिस्टरच्या वेळेने १२.२०. मेकॅनिकचे २ तास २० मिनिटं बरोबर, हेल्परचा १ तासच. बिल दुरुस्त करून मागवा.

बी-३०१: उताऱ्यात हेल्परसमोर इन आणि आउट दोन्ही 'रिकामे' असंच ठेवा, १२.२० भरू नका. ती वेळ शेऱ्यात 'गेट कॅमेऱ्यावरून' म्हणून लिहा. ४४ चा आउटही 'रिकामा'. सोमवारी मूळ पानाशी ताडून पाहताना, पानावर काय होतं आणि आपण काय काढलं ते वेगळं दिसायला हवं.

सेक्रेटरी: ठीक. नवीन रजिस्टरसाठी सुपरवायझरला सांगतोय: उजव्या पानावरही नोंद नंबर लिहायचा आणि हेल्परला स्वतःचा नंबर द्यायचा. फोटो काढताना दोन्ही पानं वेगळी, फोन बरोबर वर धरून, फ्लॅशशिवाय.

ए-७०२: शिवणीपाशी हाताने दाबून धरायलाही सांगा. बोट आउटच्या कॉलमवर येऊ देऊ नका.