आधी पट्टीचा वेग बघा

“अंबाजोगाईकडून रेफर होऊन आलेल्या पेशंटच्या सीटीजी पट्टीत बाळाच्या ठोक्यांची व्हेरिएबिलिटी सपाट, आमच्या मशीनवर चांगली. खरी कोणती?”

बहुधा दोन्ही. पट्टीच्या कडेला छापलेला वेग वाचा. तिकडे मिनिटाला ३ सेंमी आणि तुमच्याकडे १ असेल, तर तीच रेघ तिकडे तिप्पट ताणली जाऊन सपाट भासते. म्हणून नजरेवर जाऊ नका, मोजा. अ‍ॅक्सेलरेशन किंवा डिसेलरेशन नसलेला एक मिनिटाचा तुकडा घ्या (तिकडे ३ सेंमी, इथे १) आणि वरच्या टोकातून खालचं वजा करा. १४४ वजा १३२ म्हणजे १२ ठोके. ५ ते २५ मध्ये बसतात, व्हेरिएबिलिटी ठीक आहे.

डिसेलरेशनमध्ये ही चूक जास्त महागात पडते. १ च्या वेगावर ४ सेंमी रुंद खड्डा म्हणजे पूर्ण ४ मिनिटं. ३ ची सवय असलेला डोळा तो ८० सेकंदांचा समजून पुढे जातो, आणि बाळ तेवढा वेळ त्रासात असतं.