‘टप्पा’ की ‘अवस्था’: मागून सोडवायच्या वाटेच्या गणितातील दोन शब्द

पानवेल: ऑपरेशन्स रिसर्चच्या पाठ्यपुस्तकातील डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे, म्हणजे एकामागून एक घ्यायचे निर्णय शेवटाकडून सोडवत येण्याच्या पद्धतीचे, प्रकरण मी मराठीत आणत आहे. सर्वांत जवळची वाट शोधण्याच्या उदाहरणात मी ‘स्टेज’साठी ‘टप्पा’ आणि ‘स्टेट’साठी ‘अवस्था’ लिहिले होते. मुद्रितशोधकांनी दोन्ही ठिकाणी ‘अवस्था’ केले, आणि आता ‘प्रत्येक अवस्थेतील प्रत्येक अवस्थेसाठी उत्तम निर्णय नोंदवावा’ असे वाक्य तयार झाले आहे. दोन शब्द वेगळे हवेत, याबद्दल मला शंका नाही. पण ‘स्टेट’साठी ‘अवस्था’च ठेवावा का?

शिवार: मुद्रितशोधकांची चूक मला तरी फारशी वाटत नाही. माझे सारे काम पीकसल्ल्याचे आहे. पीक फुलोरा अवस्थेत असते, कीड कोष अवस्थेत असते. आमच्याकडे अवस्था म्हणजे स्टेजच. तुम्ही तोच शब्द ‘स्टेट’ला दिलात, तर आमच्यासारखा वाचक अडखळेल.

मैलकुली: टप्प्याला मात्र माप असते. एसटीचे भाडे टप्प्यावर ठरते आणि टप्पा ६ किलोमीटरचा असतो. तुमच्या उदाहरणातले टप्पे किती किलोमीटरचे आहेत, हे आधी सांगावे.

खडूफळा: मैलकुली, येथे टप्पा अंतराने मोजत नाहीत, निर्णयांनी मोजतात. लहान उदाहरण घेतो. ‘क’ गावाहून ‘ट’ गावी तीन टप्प्यांत जायचे आहे. ‘क’पासून ‘ख’ २ कोस आणि ‘ग’ ३ कोस. ‘ख’पासून ‘घ’ ७, ‘च’ ६. ‘ग’पासून ‘घ’ ३, ‘च’ ५. शेवटी ‘घ’पासून ‘ट’ ५ आणि ‘च’पासून ‘ट’ ४.

आता शेवटाकडून निघावे. ‘घ’ला आलेल्याचे ५ कोस उरतात, ‘च’ला आलेल्याचे ४. ‘ख’ला उभे राहिलो तर ‘घ’वरून १२ आणि ‘च’वरून १० होतात, म्हणून ‘ख’समोर ‘१०, च’ लिहावे. ‘ग’ला ‘घ’वरून ८ आणि ‘च’वरून ९, म्हणून ‘८, घ’. ‘क’ला ‘ख’वरून १२ आणि ‘ग’वरून ११, म्हणून ‘११, ग’. वाट मिळाली: क, ग, घ, ट. जो निघतानाच जवळचे गाव म्हणून ‘ख’कडे वळला, त्याचे कमीत कमी १२ कोस होतात. आकड्याशेजारचे ते अक्षर विद्यार्थी हमखास गाळतात. मग ११ हे उत्तर हाती असते, पण कोणत्या वाटेने जायचे ते पुन्हा शोधावे लागते.

मुक्कामपोस्ट: मग वाद संपलाच. ‘स्टेट’ म्हणजे गाव, तेव्हा ‘मुक्काम’ लिहावे. घरातला, रोजचा शब्द आहे. टप्पा आणि मुक्काम ही जोडी तर आपल्याकडच्या प्रवासात पूर्वीपासूनच आहे. ‘टपाल’ही टप्प्यावरूनच आले असावे, असे मला नेहमी वाटते.

पानवेल: टपालाची व्युत्पत्ती कोणी कोशात पाहून सांगितली तर बरे होईल. ‘मुक्काम’ मला आवडला.

खडूफळा: या उदाहरणापुरता तो चालेल, पण पुढच्याच स्वाध्यायात अडेल. समजा ‘ग–घ’ आणि ‘घ–ट’ हे दोन्ही घाटरस्ते आहेत, आणि संपूर्ण प्रवासात घाट एकदाच चढता येतो. आता ‘घ’ला पोहोचलेला माणूस ‘ख’वरून आला असेल तर ‘ट’ला जाऊ शकतो, ‘ग’वरून आला असेल तर नाही. मुक्काम एकच, पण तेथून पुढे काय करता येईल ते वेगळे. म्हणून तक्त्यात ‘घ’च्या दोन ओळी कराव्या लागतात: घाट शिल्लक असलेला ‘घ’ आणि घाट संपलेला ‘घ’. एकच ओळ ठेवली तर उत्तर ११च येते, आणि वाट हाताने चालून पाहिली की त्यात दोन घाट सापडतात. पुढचा निर्णय घेण्यासाठी मागचे जेवढे लक्षात ठेवणे भाग आहे, तेवढे सगळे ‘स्टेट’मध्ये आले पाहिजे. ‘मुक्काम’ हा शब्द एवढे पेलत नाही. ‘स्थिती’ पेलतो, आणि शिवार यांची अडचणही त्यात उरत नाही.

मुक्कामपोस्ट: तो स्वाध्याय मी सोडवून पाहिला. आता उत्तर १२ येते, पण ‘ख–च’ आणि ‘ग–च’ अशा दोन वाटांनी. तेव्हा ‘क’समोर कोणते अक्षर लिहावे?

खडूफळा: दोन्ही लिहावीत. एकच लिहिले तर दुसरी वाट कायमची हरवते.

सोनचाफा: मला ‘स्थिती’ आणि ‘अवस्था’ दोन्ही जड वाटतात, वर्गात मुले ‘स्टेज’ आणि ‘स्टेट’च म्हणतात, तेच छापावे. त्याहून मोठी चूक ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’चे ‘गतिमान आज्ञावली’ करण्यात आहे. गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात हे नाव दिले, तेव्हा त्यातील ‘प्रोग्रॅमिंग’चा अर्थ नियोजन असा होता.

शिवार: ‘स्टेज’ आणि ‘स्टेट’ मागच्या बाकावर ऐकू येताना एकच होतात, सोनचाफा. मी असाच एक अभ्यासक्रम मागच्या बाकावर बसून केला आहे, म्हणून सांगतो.

पानवेल: ‘स्थिती’ घेते. पण ‘मागील टप्पा’ लिहिताना हात थांबला आहे. प्रवासात ‘मागील’ म्हणजे ‘क’कडचा, तर गणितात आधी सोडवलेला म्हणजे ‘ट’कडचा. मूळ पुस्तकात टप्पे निघण्याच्या गावापासून मोजले आहेत.

खडूफळा: मी ‘उरलेले टप्पे’ मोजतो: ‘घ’ आणि ‘च’ला एक, ‘ख’ आणि ‘ग’ला दोन, ‘क’ला तीन.

मैलकुली: प्रवासी नेहमी निघाल्यापासूनच मोजतो. टप्पा क्रमांक एक ‘क’लाच हवा.