मदत हवी आहे: मॉड १२ ला वर्गसमीकरणाच्या चार उकली कुठून येतात?

सिडकोकर_टीवाय

नमस्कार. टीवाय बीएस्सी, नंबर थिअरी. असाइनमेंटमधलं गणित असं आहे:

x² − 5x + 6 ≡ 0 (mod 12)

अवयव पाडले, (x − 2)(x − 3), म्हणजे २ आणि ३. पण उत्तरात चार उकली दिल्यात. खात्री करायला हे चालवलं:

```
print([x for x in range(12) if (x*x - 5*x + 6) % 12 == 0])
```

उत्तर आलं `[2, 3, 6, 11]`. १२ च्या जागी १३ टाकलं की फक्त २ आणि ३. क्लासमध्ये सांगितलं की १२ संयुक्त आहे म्हणून जास्त उकली. मग ९ टाकून पाहिलं, तोही संयुक्तच, तर तिथे पुन्हा २ आणि ३ एवढ्याच. म्हणजे "संयुक्त म्हणून" हे कारण पुरत नाही. नेमकं काय बिघडतं? आणि उकली आधीच मोजता येतात का?

पंचवटी_एक्स्प्रेस

सोपं आहे रे. १२ = ४ × ३. चारला दोन उकली, तीनला दोन उकली, दोन गुणिले दोन चार. नियमच लक्षात ठेव: दोन वेगळे अवयव असले की वर्गसमीकरणाला चार उकली, तीन असले की आठ. ९ मध्ये तीनच दोनदा येतो, वेगळा अवयव नाही, म्हणून दोन. परीक्षेला एवढं पुरतं.

वृंदा_गंगापूररोड

गुणाकाराचा भाग बरोबर आहे, "नियम" मात्र चुकीचा. त्याकडे नंतर येते, आधी मूळ प्रश्न.

x = 6 घ्या. x − 2 होतात ४, x − 3 होतात ३. दोघांपैकी एकालाही १२ ने भाग जात नाही, पण गुणाकार नेमका १२. चारचा वाटा एका कंसाने उचलला, तीनचा दुसऱ्याने. x = 11 ला कंस ९ आणि ८, इथे वाटे उलटे पडले: तीन पहिल्याकडे, चार दुसऱ्याकडे. २ आणि ३ या उकलींत एकच कंस शून्य होऊन सगळा भार उचलतो. म्हणजे वाटणीचे चार प्रकार, म्हणून चार उकली.

आता १३. गुणाकाराला १३ ने भाग जायचा तर १३ अखंड कुठल्या तरी एका कंसात असायलाच हवा, कारण त्याचे तुकडे पडत नाहीत. म्हणून x ≡ 2 किंवा x ≡ 3, तिसरी वाटच नाही. प्राइम मॉडला वर्गसमीकरणाच्या दोनपेक्षा जास्त उकली नसतात, त्याचं कारण एवढंच. अट एकच, x² चा सहगुणक त्या प्राइमच्या पटीत नको. तो असला तर समीकरण वर्गाचं राहतच नाही. तिन्ही सहगुणक पटीत असले तर प्रत्येक x चालतो, आणि असा प्रश्न परीक्षेत फसवायला घालतात.

तुमचा ९ चा प्रश्न चांगला आहे. तिथे ९ चे वाटे करायचे तर ३ आणि ३ असे करावे लागतील, म्हणजे दोन्ही कंसांना ३ ने भाग जायला हवा. पण कंसांमधला फरक १ आहे, त्यामुळे दोघांना एकदम ३ ने भाग जाणं शक्य नाही. सगळा ९ एकाच कंसात जातो, आणि उकली दोनच.

सिडकोकर_टीवाय

ताई, हे डोक्यात बसलं. पण मी सूत्रानेही करून पाहिलं आणि तिथे अडकलो. विवेचक 25 − 24 = 1. मॉड १२ ला १ ची वर्गमुळं चार: १, ५, ७, ११. मग x = (5 ± 5)/2 वरून ५ आणि ० मिळतात, पण दोन्ही टाकल्यावर ६ उरतो. सूत्र मॉडला चालत नाही का?

वृंदा_गंगापूररोड

चालतं, पण त्यात २ ने भागणं आहे, आणि १२ मध्ये २ ला व्यस्तच नाही. सूत्र कसं येतं ते पाहा. समीकरणाला ४ ने गुणून आपण (2x − 5)² ≡ 1 असं लिहितो. तुम्ही चारने गुणलंत पण मॉड १२ च ठेवलात. ४ आणि १२ यांचा मसावि ४, त्यामुळे मागे येताना फक्त मॉड ३ ची माहिती शिल्लक राहते, मॉड ४ ची अट गळून पडते. (2x − 5)² ≡ 1 (mod 12) हे ०, २, ३, ५, ६, ८, ९, ११ या आठही जणांना लागू पडतं. त्यातले ०, ५, ८, ९ खोटे. मॉडही चौपट करून ४८ घेतला तर खोटे येत नाहीत, पण ते काम वाढवणं झालं.

सरळ पद्धत अशी की १२ फोडून ४ आणि ३ वेगळे सोडवायचे. मॉड ४ ला चारच आकडे तपासायचेत: २ आणि ३ चालतात. मॉड ३ ला समीकरण x(x − 2) होतं: ० आणि २. आता जोड्या लावा. (२, ०) ची जोडी ६ देते, (२, २) ची २, (३, ०) ची ३ आणि (३, २) ची ११. चायनीज रिमेंडर थिअरम सांगतं की प्रत्येक जोडीला १२ च्या आत एक आणि एकच संख्या मिळते.

आता पंचवटी यांचा "नियम". x² + x + 1 घ्या, विवेचक −3. मॉड ७ ला −3 म्हणजे ४, हा पूर्ण वर्ग, म्हणून दोन उकली, २ आणि ४. मॉड ५ ला −3 म्हणजे २, पण ५ मध्ये वर्ग फक्त ०, १, ४, म्हणून एकही नाही. मॉड ३ ला विवेचक शून्य, म्हणून एकच, १. तेव्हा मॉड ३५ ला 2 × 0, म्हणजे शून्य उकली. मॉड २१ ला 2 × 1, म्हणजे दोन. मॉड ९१ ला मात्र चार: ९, १६, ७४, ८१. तिन्ही ठिकाणी दोन वेगळे अवयव, तरी उत्तरं तीन वेगळी.

विषम प्राइमला विवेचक पाहिला की उकली सोडवायच्या आधीच कळतात: शून्य असेल तर एक, वर्ग असेल तर दोन, नसेल तर एकही नाही. मोठ्या p ला वर्ग आहे का हे तपासायला विवेचकाचा (p − 1)/2 वा घात काढा. १ आला तर वर्ग, −1 आला तर नाही. p = 2 ला हे वापरू नका, तिथे ० आणि १ टाकून पाहणं दोन सेकंदांचं काम आहे.

पंचवटी_एक्स्प्रेस

ठीक, एखाद्या अवयवाला शून्य असलं की सगळं शून्य, हे सुटलं होतं. पण घात असले तर तरी संख्या तीच राहते ना? ३ ला दोन, ९ ला दोन, २७ ला दोन?

वृंदा_गंगापूररोड

विषम प्राइम असेल आणि विवेचकाला त्याने भाग जात नसेल, तर हो. प्रत्येक उकल वरच्या घाताला एकाच प्रकारे चढते. विवेचकाला भाग गेला की भरवसा नाही. x² ≡ 0 ला मॉड ३ मध्ये एकच उकल, मॉड ९ मध्ये तीन: ०, ३, ६. आणि २ चे घात वेगळे वागू शकतात. x² ≡ 1 ला मॉड २ मध्ये एक उकल, मॉड ४ मध्ये दोन, मॉड ८ मध्ये चार.

सातपूर_शॉपफ्लोअर

धागा बहुतेक गणिताचा आहे, पण माझं दुखणं इथेच बसेल असं वाटतं. स्पेअर पार्टच्या कोडसाठी हॅश टेबल लिहिलं आहे, आकार १६. जागा भरलेली असली की पुढे १, ४, ९, १६ अशा अंतरांवर बघत जातो. टेबल अर्धंही भरलेलं नसताना प्रोग्राम "जागा नाही" म्हणतो. हॅश फंक्शन बदलून पाहिलं, फरक नाही. फंक्शन कुठलं घेऊ?

वृंदा_गंगापूररोड

दादा, फंक्शनचा दोष नाही, १६ चा आहे. तुम्ही i² मॉड १६ ने जागा शोधताय. ० ते १५ पर्यंतच्या सगळ्यांचे वर्ग काढा: फक्त ०, १, ४, ९ हेच येतात, प्रत्येक चार-चार वेळा. १, ७, ९ आणि १५ या चौघांचा वर्ग मॉड १६ ला १ च. उकली जास्त म्हणजे वेगळ्या जागा कमी. त्या चार जागा भरल्या की बाकी बारा रिकाम्या असल्या तरी तुमचा शोध तिथे पोचतच नाही.

आकार १७ केलात तर एका वर्गाला जास्तीत जास्त दोनच i, म्हणून नऊ वेगळ्या जागा तपासल्या जातील. टेबल अर्ध्यापेक्षा कमी भरलेलं असेल तर जागा नक्की सापडते. १६ च ठेवायचा असेल तर अंतरं १, ३, ६, १०, १५ अशी घ्या, i(i + 1)/2. आकार २ चा घात असला की ही अंतरं सगळ्या जागा फिरतात.

सातपूर_शॉपफ्लोअर

दुसरं सोपं पडेल, आकार बदलला तर मेमरीची मांडणी बदलावी लागते. पण आमच्याकडे डिलीट केलेल्या नोंदीही टेबलात खूण म्हणून राहतात. त्या भरलेल्यात धरायच्या का?

अंक_अंक_खेळू

शोधताना धराव्याच लागतात, नाहीतर पुढची नोंद हरवते. घालताना त्या जागेवर नवी नोंद बसवता येते, फक्त तोच कोड पुढे कुठे नाही ना ते आधी बघून घ्या.

मूळ धाग्यासाठी एक गंमत. जास्तीची उकल हातात आली की मॉडचे अवयव आपोआप मिळतात. १७२९ घ्या, आपली रामानुजनवाली संख्या. २ चा २७ वा घात मॉड १७२९ काढला की ६४५, त्याचा वर्ग १०६५, आणि १०६५ चा वर्ग १. प्राइम मॉडला १ ची वर्गमुळं १ आणि −1 एवढीच, १०६५ दोन्हींपैकी नाही, म्हणजे १७२९ प्राइम असूच शकत नाही. शिवाय १०६४ आणि १७२९ यांचा मसावि १३३, १०६६ आणि १७२९ यांचा १३. 133 × 13 = 1729. कुठेही भागाकार करत बसावं लागलं नाही.

सिडकोकर_टीवाय

म्हणजे माझ्या ६ मधूनही तसंच: ४ आणि १२ चा मसावि ४, ३ आणि १२ चा ३. भारी. मग उलट प्रश्न. मोठी संख्या दिली आणि अवयव माहीत नाहीत, तर उकली मोजता येतील? मॉड १५ ला विवेचकावरून काही ठरवता येतं का, १५ न फोडता?

अंक_अंक_खेळू

जाकोबी चिन्ह न फोडता काढता येतं, पण ते अर्धंच सांगतं. −1 आलं तर उकल नाही हे पक्कं. १ आलं तर काहीच ठरत नाही. x² ≡ 2 (mod 15) ला जाकोबी १ येतं, कारण मॉड ३ ला −1 आणि मॉड ५ ला −1, दोघांचा गुणाकार १. पण उकल एकही नाही.

वृंदा_गंगापूररोड

आणि अवयव न काढता हे जलद ठरवायची सर्वसाधारण पद्धत आजवर कुणाला माहीत नाही. काही गुप्तलेखन पद्धती याच अडचणीवर उभ्या आहेत. ती कधीच सापडणार नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

पंचवटी_एक्स्प्रेस

मग असाइनमेंटमध्ये मॉड कायम छोटा का देतात ते कळलं. सिडकोकर, मॉड २४ ला x² ≡ 1 करून बघ. माझा "तीन अवयव म्हणजे आठ" तिथे चालत नाही. अवयव दोनच, ८ आणि ३, तरी उकली आठ येतायत.