प्रतिसाद: ब्रह्मपुरीच्या मूर्तीसाठी कोणती चाचणी?

> "ब्रह्मपुरीत सापडलेली, सातवाहनकालीन म्हणून आजोबांनी घेतलेली भाजक्या मातीची मूर्ती घरात आहे. कार्बन डेटिंग करून घ्यावं का?"

नको. कार्बन चाचणी लाकूड, हाड, कोळसा अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंची. तुम्हाला हवी ती थर्मोल्युमिनेसन्स.

भट्टीत माती तापली की तिच्यातल्या क्वार्ट्झच्या कणांत साठलेली ऊर्जा निघून जाते, घड्याळ शून्यावर येतं. मग नैसर्गिक किरणोत्सर्गाने ती पुन्हा साठत राहते. प्रयोगशाळेत नमुना सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवून बाहेर पडणारा प्रकाश मोजतात. समजा साठलेली किरणोत्सर्गाची मात्रा, जी ग्रे या एककात मोजतात, ६ ग्रे निघाली आणि वर्षाला ३ मिलिग्रे म्हणजे ०.००३ ग्रे साठत असेल, तर वय २००० वर्षं. पण मूर्ती कुठल्या मातीत, किती ओलाव्यात पुरलेली होती हे माहीत नसल्याने २०-२५ टक्के फरक सहज पडतो. म्हणजे 'जुनी की आजची' हे कळेल, 'सातवाहनांचीच' हे नाही.

नमुना बुडातून, अंधुक लाल उजेडात, हळू ड्रिल करून घेतात. धडाचा आणि डोक्याचा वेगवेगळा घ्यायला सांगा. जुन्या धडावर नवं डोकं बसवलेलं असलं तर तिथेच कळतं. आणि कृपया, त्याआधी कुणाच्या सांगण्यावरून मूर्तीचा सीटी स्कॅन करू नका. क्ष-किरणांची मात्राही त्याच घड्याळात जमा होते आणि वय खोटं वाढतं.

एक्स-रे फ्लुरोसन्स या दुसऱ्या चाचणीने वय नाही, फक्त पृष्ठभागावरची, म्हणजे रंगातली मूलद्रव्यं कळतील. टायटॅनियमचा पांढरा रंग दिसला, तर तो थर विसाव्या शतकाच्या आधीचा नाही. खालची माती तरीही जुनी असू शकते.