मदत हवी आहे: क्रियापदापुढे 'टू' की 'आयएनजी'? याद्या पाठ आहेत, तरी चुकतंय

अबोली
संयुक्त परीक्षेच्या इंग्रजीची तयारी करतेय. टू घेणारी आणि आयएनजी घेणारी क्रियापदं अशा दोन याद्या भिंतीवर लावल्यात. काल 'ही अ‍ॅडमिटेड ... द मनी' इथे मी 'टू स्टील' निवडलं. 'अ‍ॅग्री'शी गल्लत झाली, कारण माझ्या डोक्यात दोन्हींचा अर्थ 'कबूल करणं'. गट कसे पाडू?

पायवाट
एवढं अवघड नाही. टू दिसलं की पुढे मूळ क्रियापद लिहायचं.

जुना खडू
अबोलीताई, सुटा अर्थ पाठ करू नका, मराठीत पूर्ण वाक्य करा. 'पैसे चोरल्याचं कबूल केलं' आणि 'लग्नाला यायचं कबूल केलं'. 'ल्याचं' आलं म्हणजे गोष्ट आधीच घडलेली, तिथे आयएनजी: अ‍ॅडमिट, डिनाय. 'यचं' किंवा 'यला' आलं तर ती अजून घडायची आहे, तिथे टू: अ‍ॅग्री, डिसाइड, रिफ्यूज.
रिमेंबर दोन्ही गटांत का बसतं तेही यातून कळतं. 'कुलूप लावल्याचं आठवतंय' म्हणजे रिमेंबर लॉकिंग; 'कुलूप लावायचं लक्षात ठेव' म्हणजे रिमेंबर टू लॉक.
पायवाट, 'लुक फॉरवर्ड टू'पुढे तुमचा नियम मोडतो. तिथे 'मीटिंग यू' येतं. टूनंतर 'इट' घालून बघा. 'लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणून आयएनजी. 'होप टू इट' चालत नाही, म्हणून मूळ रूप.

पायवाट
हे 'इट'चं माहीत नव्हतं. 'ऑब्जेक्ट टू'लाही लागू पडतंय.

शाळेचा डबा
माझ्या आठवीतल्या मुलाचं 'आय सॉ हिम क्रॉसिंग' चूक दिलंय, बाईंना 'क्रॉस' हवं होतं. हेच ना?

जुना खडू
नाही, तो प्रश्न वेगळा. तिथे दोन्ही रूपं बरोबर आहेत. पूर्ण रस्ता ओलांडताना पाहिलं तर क्रॉस, ओलांडत असताना मधेच दिसला तर क्रॉसिंग.

अबोली
रात्री माझ्या यादीवर 'ल्याचं-यचं' लावून बघितलं. प्रॉमिस, प्लॅन, होप नीट बसले. पण 'बोलायचं टाळलं' मराठीत 'यचं' आणि अव्हॉइडला मात्र आयएनजी. सजेस्ट, कन्सिडर, एन्जॉय यांचंही तेच.

जुना खडू
बरोबर पकडलंत, कसोटी तिथे फसते. ही चार वेगळ्या कागदावर लिहा आणि सरळ पाठ करा. उरलेल्यांपैकी बहुतेकांसाठी मराठी वाक्य पुरेल.

अबोली
भिंतीवरची यादी उतरवली, चारांचा कागद लावलाय. एक राहिलं: 'शी लाइक्स ... एव्हरी मॉर्निंग' या प्रश्नात 'टू स्विम' आणि 'स्विमिंग' दोन्ही पर्याय होते, उत्तरतालिकेत फक्त 'स्विमिंग'. यावर हरकत घेऊन कुणाला गुण मिळालेत का?