मेंदी-इंडिगो: मुळाशी छान, टोकांना हिरवट. मदत हवी आहे

मैत्रिणींनो, शुद्ध मेंदी रात्रभर चहाच्या पाण्यात भिजवून सकाळी 2 तास लावली. केस नुसत्या पाण्याने धुऊन लगेच इंडिगो पावडर लावली. ती कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून, 15 मिनिटंच भिजवली होती, कारण जास्त वेळ ठेवली की तिचा जोर उतरतो. मुळाशी आलेले पांढरे केस सुंदर गडद तपकिरी झाले. पण सहा महिन्यांपूर्वी पार्लरमध्ये रंगवलेली टोकं हिरवट आणि राठ दिसताहेत. रंगवलेला केस सच्छिद्र होतो, इंडिगो पटकन ओढून घेतो, एवढं कळतं. दोन दिवस वाट पाहिली, झाक गेली नाही. आता टोकांना नुसती मेंदी परत लावू, की पुढच्या वेळी तिथे इंडिगो निम्माच वेळ ठेवू? कुणी गळालेले केस घेऊन त्यांच्यावर आधी असं करून पाहिलंय का?